समजा, एक मेकॅनिक बाहेरगावी गेला

ऑफिसात त्यांना सगळे सोपेराव म्हणत. आईवडिलांनी हौसेने ठेवलेले नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर छापून येई आणि तिथेच महिनाभर पडून राही. नावाने हाक मारली तर सोपेराव वळूनही बघत नसत, त्यांना वाटे कोणीतरी नवीन माणूस कामाला लागला असावा.

लिफ्ट बसवायच्या, त्यांची देखभाल करायची आणि बंद पडल्या की धावत जायचे, असा कंपनीचा धंदा होता. सोपेराव तिच्या शाखेत पत्रव्यवहार बघत. हेड ऑफिसकडून जे काही इंग्रजीत येई ते मराठीत करून सूचनाफलकावर लावायचे, हे त्यांचे खास काम. हे काम त्यांना कोणी दिले नव्हते. त्यांच्याआधी जे गृहस्थ त्या टेबलावर होते ते भाषांतर असे करत, की लोक शेवटी इंग्रजी कागद मागून घेत आणि म्हणत, "त्यापेक्षा हे बरं, यात निदान आकडे तरी कळतात." एकदा त्यांनी 'उद्वाहन देखभाल कर्मचाऱ्यांनी विहित पादत्राणे परिधान करावीत' अशी सूचना लावली, तेव्हा दोन दिवस सगळे मेकॅनिक चपला घालून आले. तिसऱ्या दिवशी नव्यानेच लागलेल्या सोपेरावांनी धीर करून खाली पेन्सिलीने लिहिले, 'बूट घाला.' चौथ्या दिवशी सगळ्यांच्या पायांत बूट होते. तेव्हापासून ते सोपेराव.

त्यांचे टेबल पिण्याच्या पाण्याची टाकी आणि सूचनाफलक यांच्यामध्ये होते. म्हणजे पाणी प्यायला आलेला माणूस पेला तोंडाला लावून फलक वाचे, आणि सोपेराव कागदात मान घालून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या माणसाचा चेहरा वाचत. कपाळाला आठी पडली की ते पेन्सिल शोधू लागत. आठी पडली नाही आणि माणूस पेला ठेवून निघून गेला, की सोपेरावांना नोबेल मिळाल्यासारखे होई. जगात माणसाला दारूत, जुगारात, राजकारणात सुख मिळते. आमच्या सोपेरावांना ते न पडलेल्या आठीत मिळत होते. तब्येतीला हे व्यसन चांगले, असे त्यांच्या बायकोचेही मत होते.

अशा या माणसाच्या टेबलावर एका सकाळी खर्चाचे नवीन धोरण येऊन पडले.

साहेब स्वतः घेऊन आले. शाखेचे साहेब मनाने चांगले, पण हेड ऑफिसचा कागद हातात आला की त्यांचा आवाज बारीक होई.

"सोपेराव, हे महत्त्वाचं आहे. पहिल्या तारखेपासून लागू. हेड ऑफिसनं लिहिलंय, सगळ्यांना कळेल अशा सोप्या भाषेत द्या. एकदम सोपं करा. लहान मुलालाही कळलं पाहिजे."

"लहान मुलं आपल्याकडे कामाला नाहीत साहेब."

"म्हणजे आपल्या मेकॅनिक लोकांना कळलं पाहिजे."

"मग लहान मुलांपेक्षा अवघड आहे," सोपेराव म्हणाले आणि कामाला लागले.

चार पाने होती. आजवर मेकॅनिक बाहेरगावच्या कामाला निघाला की हिशेबाच्या बाईंकडून आधी उचल घेई, परत आल्यावर हिशेब देई. आता उचल बंद. माणसाने आधी आपल्या खिशातून खर्च करायचा, परतल्यापासून पंधरा दिवसांत बिले जोडून मागणी द्यायची, वरिष्ठांची सही घ्यायची आणि पैसे पगाराबरोबर खात्यात. लॉज आणि जेवण यांना बिल हवेच आणि रोजची मर्यादाही. ज्याची पावती मिळतच नाही, म्हणजे रिक्षा, चहा असले किरकोळ, त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही करायची, तेही एका दौऱ्याला अडीचशेपर्यंतच. मागणीतली एखादी गोष्ट खोटी निघाली तर पूर्ण मागणी नामंजूर. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात: भाषांतरात आणि इंग्रजीत फरक वाटला तर इंग्रजी खरे.

'प्रतिपूर्ती' हा शब्द सोपेरावांनी पहिल्याच ओळीत मारला. 'खर्चाचे पैसे परत मिळण्याचे नवीन नियम' असे शीर्षक दिले. मग एक वाक्य अडले. इंग्रजीत होते की मागणी साधारणपणे, पडताळणीच्या अधीन राहून, पुढील पगाराच्या वेळी हाताळली जाईल. सोपेराव त्या वाक्याकडे बराच वेळ बघत बसले. यातले काय ठेवले तर मेकॅनिकच्या कपाळाला आठी पडणार नाही? 'साधारणपणे' काढले. 'अधीन' काढले. पडताळणी तर काय, कंपनी करणारच, ती काय लिहायची गोष्ट आहे? उरले ते स्वच्छ वाक्य: 'पैसे पुढच्या पगाराबरोबर मिळतील.' चार शब्द. सोपेरावांना ते वाक्य इतके आवडले, की त्यांनी ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचले.

मसुदा नेहमीप्रमाणे घरी बायकोवर तपासला. तिची पद्धत सरळ होती. ती भाजी चिरता चिरता ऐके आणि जिथे सुरी थांबे तिथे सोपेराव खूण करत.

"किरकोळ खर्चासाठी कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावे..."

सुरी थांबली.

"काय लिहून द्यावं?" बायको म्हणाली.

"काय खर्च झाला ते."

"कसं लिहावं? अर्ज करायचा? महोदय, मी चहा प्यालो?"

"अगं नाही, नुसतं लिहायचं."

"अहो, मग तसं दाखवा ना लिहून. उदाहरण द्या. आमच्या गणिताच्या बाई आधी उदाहरण द्यायच्या, मग नियम सांगायच्या. नियम मी विसरले, उदाहरणं अजून पाठ आहेत."

उदाहरण! सोपेरावांना हे आजवर कसे सुचले नाही? आणि उदाहरण शोधायलाही जावे लागले नाही. त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, त्याच कंपनीत मेकॅनिक होते. गेल्याच रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले असताना साडू एका लांबच्या गावाची हकीकत सांगत होते. तिथल्या हॉस्पिटलची लिफ्ट म्हणजे साडूंची जुनी ओळख. दर दोन-तीन महिन्यांनी बिघडायची आणि साडूंना बोलावून घ्यायची. "लॉज हॉस्पिटलच्या समोरच," साडू म्हणाले होते, "म्हणून रिक्षा फक्त स्टँडपासून लॉजपर्यंत. सत्तर जायचे, सत्तर यायचे. तो रिक्षावाला सत्तरच्या खाली बघत नाही आणि सत्तरच्या वर बोलत नाही. आणि जाता-येता स्टँडवर चहा-बिस्किट, वीस-वीस. झाले एकशे ऐंशी. गेली तीन वर्षं एकशे ऐंशी."

सोपेरावांनी झरझर लिहिले: 'समजा, एक मेकॅनिक दोन दिवस बाहेरगावी गेला. त्याच्याकडे बसचे तिकीट आहे, लॉजचे आणि जेवणाचे बिल आहे. रिक्षा आणि चहाची पावती नाही. त्याने साध्या कागदावर असे लिहावे: रिक्षा व चहा, १८०. खाली सही व तारीख.'

पत्रक लागले आणि त्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ गर्दी झाली. लोक शेवटपर्यंत वाचत होते! एक जाडजूड मेकॅनिक, ज्याने नेमणुकीचे पत्रही वाचले नव्हते, तो बोट लावून उदाहरणापर्यंत आला आणि म्हणाला, "वा सोपेराव! हा मेकॅनिक म्हणजे अगदी मीच." त्याच्या मागचा म्हणाला, "तू कसला? तो दोन दिवसांत रिक्षा आणि चहा मिळून एकशे ऐंशीतच भागवतो." कपाळे सगळीकडे गुळगुळीत. साहेबांनी पाठ थोपटली. हेड ऑफिसनेही उदाहरणाचे कौतुक केल्याचे कळले. सोपेराव त्या संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यासुद्धा मनातल्या मनात सोप्या करत गेले.

आता सासूबाईंच्या दातांविषयी सांगायला हवे.

सासूबाई धाकट्या लेकीकडे, म्हणजे साडूंकडे राहत. बोलण्याची त्यांना विलक्षण आवड होती आणि खाण्याची त्याहून. त्यांची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. दंतवैद्याने सांगितले, जोडून उपयोग नाही, हिरड्याही बदलल्यात, नवीन दोन्ही बाजूंची करा. तेव्हापासून सासूबाई पातळ पदार्थांवर होत्या आणि त्यांचे बोलणे अर्धे हवेत विरत होते. 'स' गेला होता, त्याच्या जागी 'श' आला होता, पण वाक्ये कमी झाली नव्हती. थोरल्या जावयाला त्या 'थोरले जावईबापू' म्हणत, धाकट्याला 'धाकटे'. दोघांवर सारखा जीव. साडूंनी कवळीचे पैसे महिना महिना करून वेगळे काढून ठेवले होते आणि माप द्यायला जायचा दिवसही ठरवला होता.

नेमकी तेव्हा हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडली. या वेळचा बिघाड मोठा, आठ दिवसांचे काम. उचल तर बंद झालेली. साडू संध्याकाळी सोपेरावांकडे आले.

"भाऊ, लॉज, जेवण, सगळं आधी आपणच घालायचं ना?"

"हो. बिलं मात्र नीट सांभाळ."

"आणि पगाराबरोबर परत?"

"पुढच्या पगाराबरोबर," सोपेराव म्हणाले. स्वतःचेच वाक्य होते, जिभेवर आपोआप आले.

"तुम्हीच लिहिलंय म्हणजे प्रश्नच नाही. आईंच्या दातांचे घालतो. आल्यावर महिन्याभरात दात."

सासूबाईंनीही मोठ्या मनाने परवानगी दिली. "हॉश्पिटलात पेशंट जिन्यानं जातायत," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी थांबेन. माझे दात कुठं पळून जातायत? आहेतच कुठं पळायला!" आणि स्वतःच्याच विनोदावर त्या एवढ्या हसल्या, की दोन्ही लेकींना हसावे लागले.

साडू गेले, लिफ्ट चालू करून आले, बिले कापडी पिशवीत इस्त्री केल्यासारखी सरळ ठेवून आणली, आणि परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मागणी दिली. साध्या कागदावर लिहिले: रिक्षा व चहा, १८०. सही, तारीख.

महिनाअखेर हिशेबाच्या बाईंनी सोपेरावांना बोलावले. बाई तोंडाने कधी रागावत नसत. राग आला की त्या टेबलावरच्या वस्तू सरळ करू लागत. आज पंच, स्टेपलर, पाण्याची बाटली, सगळे एका रेषेत उभे होते. ते बघून सोपेरावांनी दारातच आपल्या खिशातले पेन सरळ केले.

"बसा," बाई म्हणाल्या. "हे वाचा."

पहिला कागद: रिक्षा व चहा, १८०. दुसरा: रिक्षा व चहा, १८०. तिसरा, चौथा, सातवा. जाड्या मेकॅनिकचा १८०. शेजारच्याच गावी सकाळी जाऊन दुपारी परत आलेल्याचा १८०. स्टोअरकीपरचा १८०.

"पण हा चहा पीत नाही!" सोपेराव म्हणाले.

"मी विचारलं. म्हणाला, पत्रकात चहा लिहायचा सांगितलाय, म्हणून लिहिला. आणि हा बघा ड्रायव्हर. कंपनीची गाडी घेऊन गेला होता आणि रिक्षा लावलीय!"

"त्यानं का?"

"त्याला वाटलं, बाहेरगावी गेल्यावर एकशे ऐंशी मिळतात. जसा रोजचा भत्ता. सगळ्यांनाच वाटलं. एकानं तर मला येऊन विचारलं, मॅडम, दोन दिवसांचे एकशे ऐंशी तर चार दिवसांचे तीनशे साठ लिहू का?"

सोपेराव कागदांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. एवढी माणसे, एवढी अक्षरे, कोणाचे डावीकडे कललेले, कोणाचे उजवीकडे, आणि सगळीकडून त्यांचेच वाक्य त्यांच्याकडे बघत होते. लेखकाला वाचक मिळावेत म्हणजे किती मिळावेत!

"यातला एक खरा आहे," ते कसेबसे म्हणाले.

"असेलही. पण संगणकातून हेड ऑफिसला सगळे गेलेत. तिथं त्यांना एकसारखे आकडे दिसले. त्यांनी शाखेच्या सगळ्या मागण्या थांबवल्यात. तपासणी होईपर्यंत."

"पूर्ण मागण्या? लॉजसकट?"

"पूर्ण. एक गोष्ट खोटी तर सगळी नामंजूर. तुम्हीच तर छान सोपं करून लिहिलंय," बाई म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता हेच जास्त लागले.

सोपेराव तिथून निघाले ते थेट साडूंना गाठायला. साडू गोदामात लिफ्टच्या पोलादी दोराला ग्रीस लावत बसले होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी हात पुसले.

"पण माझे खरंच एकशे ऐंशी झाले."

"मला माहीत आहे रे."

"मग?"

"मग काय... तू एकशे पंच्याहत्तर तरी लिहायचे होतेस!"

साडू त्यांच्याकडे बघतच राहिले. "भाऊ, एकशे ऐंशी झाले, एकशे ऐंशी लिहिले. पाच रुपये कमी लिहून मी खोटं का बोलू?"

पण सोपेराव गप्प बसणारे नव्हते. त्यांना एक साधी वाट दिसली: साडूंनी ते एकशे ऐंशी सोडून द्यावेत आणि लॉज-जेवणाचे तेवढे घ्यावेत. ते परत बाईंकडे गेले. बाईंनी संगणक त्यांच्याकडे वळवला. एकदा पाठवलेल्या मागणीतली एक ओळ काढता येत नव्हती. हेड ऑफिसने ती पूर्ण परत पाठवली तर नवीन भरता येई. पण परत येईपर्यंत पंधरा दिवस उलटून गेलेले असणार, आणि पंधरा दिवसांनंतरची मागणी संगणक घेतच नव्हता.

"म्हणजे मागे जाता येत नाही आणि पुढेही?"

"दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय," बाई म्हणाल्या. लिफ्टच्या कंपनीत एवढी कविता हिशेबवालेही करतात.

मग सोपेरावांनी ते केले जे त्यांनी करायला नको होते. ते साहेबांकडे गेले आणि खरे सांगितले.

"साहेब, बाकीच्यांनी उदाहरण बघून लिहिलं. या एकानं नाही. उलट उदाहरणच मी त्याच्यावरून घेतलं होतं. तो तीन वर्षं त्या गावाला एकशे ऐंशीच खर्च करतोय. मला पक्कं ठाऊक आहे, तो माझा साडू आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "साडू?"

"हो साहेब. धाकट्या मेहुणीचे यजमान."

"म्हणजे पत्रक निघण्याआधी आकडा त्याच्याकडून तुमच्याकडे आला?"

"हो. म्हणजे जेवताना."

"आणि मग तोच आकडा कंपनीच्या पत्रकात छापून आला. आणि मग त्यानं तोच लावला." साहेबांचा आवाज बारीक होत चालला. "सोपेराव, तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आता मला हे वर कळवायला हवं."

"पण साहेब, मी तर त्याची बाजू..."

"मला कळतंय हो. मला सगळं कळतंय. पण हेड ऑफिसला मी हे कोणत्या शब्दांत सांगू, ते तुम्हीच सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा सोपेरावांना शब्द सुचेना. कितीही सोपे केले तरी त्या वाक्यात 'साडू' आणि 'एकशे ऐंशी' एकमेकांना खेटून बसत होते आणि दोघे मिळून चोरासारखे दिसत होते.

आठवडाभरात हेड ऑफिसचे नवीन परिपत्रक आले. पत्रकातील उदाहरण केवळ समजण्यासाठी होते, तो भत्ता नाही, प्रत्येकाने प्रत्यक्ष झालेला खर्चच लिहावा. आणि भाषांतराबद्दल शेवटी एक ओळ: कृपया यापुढे मूळ मजकुरात भर घालू नये. तेही सोपेरावांनाच मराठीत करायचे होते. त्यांनी एकेक शब्द जपून, अधीन तिथे अधीन, साधारणपणे तिथे साधारणपणे ठेवून, अगदी इंग्रजीला चिकटून मराठी केले आणि फलकावर लावले. पाणी प्यायला आलेल्या जाड्या मेकॅनिकने पहिल्या ओळीलाच पेला खाली ठेवला. "सोपेराव, तब्येत बरी नाही का?" तो म्हणाला. आणि जाता जाता, जरा थांबून, "बाकी आमचे पैसे तुमच्या त्या उदाहरणात अडकले हं," असेही म्हणाला. रागाने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे.

त्यानंतर लोक त्यांच्या टेबलाजवळ येऊन बिलांबद्दल विचारू लागले, जणू नियम त्यांनीच घरी बसून केले होते. "आमचं कधी सोडताय?" असे एक जण म्हणाला. 'सोडताय'! सोपेरावांच्या हातात टाचण्यांच्या डबीपलीकडे काही नव्हते.

पगार झाला. मागण्यांचे पैसे आले नाहीत.

रविवारी दोन्ही कुटुंबे साडूंच्या घरी जमली. सासूबाईंसमोर वाटीत मऊ शिजवलेला भात आणि वरून दूध होते. त्या चमच्याने ते इकडून तिकडे करत बसल्या होत्या. बायकोने डोळ्यांनी खुणावले, तसे सोपेरावांनी खिशातून पाकीट काढले.

"हे ठेव. आईंच्या दातांचं काम थांबायला नको. कंपनीचे आले की मला दे."

साडूंनी पाकिटाकडे पाहिलेही नाही. "नको भाऊ."

"अरे, माझ्यामुळेच..."

"तुमच्यामुळे काही नाही. तुमच्याकडून घेतले तर उद्या कोणी म्हणेल, यानं सोडून दिले, म्हणजे मागणी खोटीच होती. मी खर्च केलाय. ज्यांनी द्यायचा त्यांनी द्यावा."

"ताई, ठेव गं ते पैसे," मेहुणीही म्हणाली. "यांचा स्वभाव माहितीय ना तुला. एकदा लिफ्ट अडकली तर हे जिन्यानं जात नाहीत, लिफ्टच दुरुस्त करत बसतात."

सासूबाई चमचा ठेवून म्हणाल्या, "थोरले जावईबापू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला एवढंच शांगा, कंपनीला काय वाटतं? धाकट्यांनी चोरी केली, अशं वाटतं?"

"नाही हो आई."

"मग देत का नाहीत?"

"त्यांना..." सोपेरावांनी नियम डोळ्यांसमोर आणला. त्यातले एकेक वाक्य त्यांनी स्वतः घासून पुसून लख्ख केले होते. सासूबाईंना कळणार नाही असे त्यात काही उरले नव्हते, आणि तरीही सांगण्यासारखे काही सापडेना. "त्यांना खात्री करायचीय," ते म्हणाले.

"मग या म्हणावं इथं. मी शांगते खात्रीनं."

साडूंच्या वरिष्ठांनी लेखी दाखला दिला. साडूंनी त्या रिक्षावाल्याला फोन लावून पाहिला. तो म्हणाला, सत्तर घेतले हे तुम्ही म्हणाल तिथे येऊन सांगतो, फक्त जायचे-यायचे भाडे द्या. ते कोणत्या रकान्यात भरायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बाईंनी आपणहून हेड ऑफिसला तीनदा लिहिले. साहेबांनी एकदा लिहिले आणि दोनदा 'लिहितो' म्हणाले. बाकीच्या सगळ्यांच्या मागण्या मधल्या काळात निकालात निघाल्या. त्यांनी 'चुकून लिहिले' असे कबूल केले, किरकोळ खर्चावर रेघ मारली आणि हेड ऑफिसने 'एकदाची सवलत' म्हणून बाकीचे पैसे सोडले. चहा न पिणाऱ्या स्टोअरकीपरलाही मिळाले. साडूंपुढेही तोच कागद आला. 'चुकून लिहिले' एवढे लिहून द्यायचे होते.

सोपेराव स्वतः कागद घेऊन गोदामात गेले.

"सही कर आणि मोकळा हो," ते म्हणाले.

"पण मी चुकून नाही लिहिलं."

"अरे बाबा, नुसते दोन शब्द आहेत!"

"तुम्ही सांगताय, 'नुसते शब्द'?" साडू म्हणाले आणि पुन्हा पोलादी दोराकडे वळले.

सोपेराव कागद घेऊन परतले. त्यांना साडूंचा राग आला होता, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचता पोचता तो कुठल्या तोंडाने आला, हेही कळेनासे झाले. बाईंच्या टेबलावर त्यांनी कागद तसाच ठेवला. बाईंनी तो स्टेपलरच्या रेषेत सरळ केला.

शेवटी साडूंच्या नावाने उत्तर आले, इंग्रजीत, तीन ओळींचे. साडू ते न उघडता संध्याकाळी सोपेरावांच्या घरी घेऊन आले. सोबत मेहुणी, आणि रिक्षात बसवून आणलेल्या सासूबाई. "तुम्ही वाचा," साडू म्हणाले. "तुमच्याइतकं सोपं कोणी सांगत नाही."

सोपेरावांनी वाचले. मग पुन्हा वाचले. बायको स्वयंपाकघराच्या दारात सुरी हातात घेऊन उभी होती.

"काय म्हणतात?" साडूंनी विचारले.

"म्हणतात... तुझं प्रकरण अपवादांच्या समितीकडे दिलंय. समितीची बैठक झाली की निर्णय कळवू."

"बैठक कधी?"

"ते लिहिलेलं नाही."

"मिळतील का मग?"

"तेही लिहिलेलं नाही."

"मग लिहिलंय काय?" सासूबाई म्हणाल्या.

सोपेरावांनी कागदाची मागची बाजूही बघितली. "ते विचार करतायत, आई," ते म्हणाले.

मेहुणीने कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. साडूंना दोन दिवसांनी पुन्हा एका दौऱ्यावर जायचे होते. त्याचा खर्च कुठून करायचा हा विषय निघता निघता राहिला.

दंतवैद्य भला माणूस निघाला. होते तेवढ्या पैशांत त्याने वरची कवळी करून दिली, खालची नंतर करू म्हणाला. चावायला दोन्ही लागतात, हे त्याने प्रामाणिकपणे आधीच सांगितले होते. सासूबाईंचे हसणे परत आले. 'स' परत आला. दारात कोणी आले, की त्या आधी हसून दाखवत आणि मग "खालचे अजून कंपनीत आहेत," असे सांगत.

सोपेराव भेटायला गेले की त्या एकच प्रश्न विचारत. "काय म्हणते समिती?"

"विचार करतेय, आई."

"करू दे. सावकाश करू दे," सासूबाई म्हणत, पावाचा तुकडा चहात बुडवत आणि तो पुरेसा मऊ होईपर्यंत जावयाकडे बघून वरच्या सगळ्या दातांनी हसत राहत.